लघुकथा : "दाबू नका, टेकवा" (शेवट जमतोय का सांगा)

सई_पेठेतली
नमस्कार मंडळी. बरेच दिवसांनी इथं काहीतरी टाकतोय. छोटी कथा आहे, दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून लिहायला घेतली आणि शेवटाला येऊन अडकली. वाचा आणि शेवट पटतोय का तेवढं सांगा. फोडून काढला तरी चालेल.

आप्पांनी चौतीस वर्षं एस्टीत कंडक्टरकी केली. आधी लोखंडी चिमटा होता, तिकिटाला टिकटिक भोकं पाडायचा, मग मशीन आलं. मशीनची बटणं रबराची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. गगनबावड्याचं एक तिकीट फाडायचं तर अंगठ्याचं नख पांढरं पडेस्तोवर दाबायला लागायचं. आप्पा निवृत्त झाले, मशीन डेपोत जमा केलं, अंगठा मात्र तसाच घरी आला.

दसऱ्याला सुमीनं त्यांना फोन घेऊन दिला. चहा झाल्यावर सोप्यात दोघं शेजारी बसली.

"आप्पा, त्या हिरव्यावर टच करा."

आप्पांनी बोट ठेवलं. हिरवं जरासं थरथरलं आणि त्याच्या डोक्यावर भलतीच खिडकी उघडली.

"दाबू नका हो. नुसतं टेकवा."

"टेकवलंच की."

"जोरात दाबलासा."

"बरं," म्हणून आप्पांनी परत बोट ठेवलं, ह्यावेळी फुलावर ठेवावं तसं. परत तीच खिडकी.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप हरवलं. सुमी कामावरनं आली तर आप्पा दारातच, चेहरा असा की पाकीट मारलंय. सुमीनं शोधलं, ते कॅल्क्युलेटरसोबत एका डब्यात जाऊन बसलं होतं. "तुम्ही काय केलासा?" "मी कायबी केलं नाही." तिसऱ्या दिवशी घड्याळ गेलं.

आप्पांनी मग वही घातली. रेघा मारल्या वेबिलासारख्या. टप्पा १, बाजूचं बटन. टप्पा २, बोट खालून वर. टप्पा ३, हिरवे चिन्ह, हलके. 'हलके' खाली दोन रेघा.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली. मागच्या वर्षी अंगठ्याच्या मशीनवर आप्पांचे ठसेच उमटले नव्हते, तीन खेपा झाल्या होत्या. सुमी म्हणाली, ह्या वर्षी घरी बसून चेहऱ्यावर करू. आप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसले. "डोळे उघडे ठेवा. अजिबात हलू नका." आप्पा हलले नाहीत. झालं नाही. परत. झालं नाही. आप्पांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं खरं पापणी पाडली नाही त्यांनी. तिसऱ्यांदा गेलं तसं सुमीच्या तोंडातनं निघून गेलं, "तुम्हाला ना, काहीच जमत नाही आप्पा!"

आप्पांनी फोन टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि रंकाळ्याकडं गेले.

सुमीनं वही उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : टप्पा ७, पोरगी चिडते. बेल मारून थांबणे.

(समाप्त?)

पांढरा_रस्सा
नाद खुळा!! "अंगठा मात्र तसाच घरी आला" इथं थांबलो दोन मिनिटं. आमचे बंधू केएमटीत होते, घरात टीव्हीच्या रिमोटचं बटण आत गेलेलं ते त्यांच्यामुळंच.

पेठी_वाचक
चांगला प्रयत्न. वहीची कल्पना आवडली. पण शेवट मला 'काढलेला' वाटतो, म्हणजे वाचकाचे डोळे ओले व्हावेत म्हणून वही ठेवली आहे तिथे. शिवाय मुलीचा राग कुठून आला हे कथेत नीट येत नाही, ती नुसतीच चिडते. आणि एक शंका, आपण स्त्री असाल तर "टाकतोय" कसे? की कथा दुसऱ्या कुणाची आहे?

पांढरा_रस्सा
पुण्यातनं आलासा काय? आमच्यात कोल्हापुरात पोरी "मी जेवलो, मी आलो" असंच म्हणतात. माझी बायको पण म्हणते. पहिल्यांदा सासऱ्यांकडं फोनवर बोलली तेव्हा सांगलीच्या मावशीला वाटलं मी लग्न कुणाशी केलंय.

पेठी_वाचक
हो का! हे खरंच माहीत नव्हते. मग कथेत सुमीच्या तोंडी का नाही ते?

सई_पेठेतली
@पेठी_वाचक दिवाळी अंकवाले दुरुस्त करून टाकतात म्हणून आधीच ठेवलं नाही. बाकी राग कुठनं आला हा मुद्दा बरोबर आहे. विचार करतो.

कारखान्यातला_भाऊ
कथा झकास. एसटीत होतं का तुमच्यातलं कोण? ते बेल मारून थांबणे म्हणजे कुठली बेल? सिंगल का डबल? तेवढं स्पष्ट करा कारण अर्थ उलटा होतो.

शाहूपुरी_मोबाईलवाला
कथेतलं मला काय कळत नाही, माझं दुकान दुरुस्तीचं आहे. खरं वाचताना एक गोष्ट खटकली ती सांगतो, राग मानू नका. ह्या कथेत आप्पांची चूक नाही आणि फोनचीपण नाही, शिकवणारीची आहे.

बघा, काचेला जोर कळत नाही. आप्पा फुलावर ठेवल्यासारखं ठेवू देत नाहीतर हातोडा मारल्यासारखं, काचेला सगळं सारखंच. तिला एवढंच कळतं की बोट कुठं लागलं, कधी लागलं आणि कधी उचललं. लागल्यापासनं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत उचललं तर ते टच. त्याच्या पुढं गेलं की फोनला वाटतं ह्यानं धरून ठेवलंय, ह्याला चिन्ह हलवायचंय. मग थरथरतं, खिडकी उघडते, आणि तसंच बोट जरा सरकलं की चिन्ह दुसऱ्यावर जाऊन बसतं आणि दोघांचा डबा होतो. व्हॉट्सअॅप कॅल्क्युलेटरच्या पोटात गेलं ते असं गेलं. आप्पा खरंच बोलत होते, त्यांनी काय केलं नाही.

आता सुमी काय सांगते? "हलके." माणूस हलकं करायला गेला की अजून सावकाश करतो. म्हणजे जितकं हलकं तितकं जास्त वेळ, तितकं जास्त बिघडणार. माझ्याकडं रोज एक तरी असे काका येतात, फोन बिघडलाय म्हणून. मी त्यांना 'टेकवा' म्हणत नाही, 'उचला' म्हणतो. टेबलावर टिचकी मारायला लावतो चार वेळा आणि मग तीच टिचकी फोनवर.

आणि सेटिंगमध्येपण सोय आहे. Settings, मग Accessibility (मराठी फोनला नाव वेगळं दिसेल, छोट्या माणसाचं चित्र शोधा), त्यात Touch & hold delay. ते Short वर असतंय, Medium किंवा Long करा. आप्पांना एक सेकंद, दीड सेकंद मिळतो मग. काही फोनांत हे Interaction and dexterity नावाच्या आतल्या पानात असतंय. आणि Lock Home screen layout असलं काही दिसलं तर तेपण चालू करा म्हणजे चिन्हं जागची हलणार नाहीत.

अर्धवट_शहाणा
मोबाईलवाले सर, पूर्ण सहमत नाही. माझ्या वडिलांचा हाच प्रॉब्लेम होता आणि कारण स्क्रीनगार्ड निघालं. जाडी काच लावली होती शंभर रुपयाची, काढली आणि सुतासारखा चालायला लागला. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, त्यात गार्ड, टच लागतच नाही. आई तर बोट जिभेला लावून टच करायची, नोटा मोजल्यासारखं.

शाहूपुरी_मोबाईलवाला
तुमचंपण खरं आहे खरं ते दुखणं वेगळं. कोरड्या बोटानं किंवा जाड गार्डनं टच लागतच नाही, काहीच होत नाही. कथेत टच लागतोय, खिडकी उघडतेय. काहीच होत नसेल तर गार्ड बघा, भलतंच होत असेल तर वेळ बघा. गार्ड काढायला माझी ना नाही, मी विकतो म्हणून सांगत नाही :)

मीनल_दोहा
मी ऑफिसमध्ये वाचतेय आणि रडू आवरत नाहीये. मी तर बाबांना व्हिडिओ कॉलवर शिकवते. म्हणजे ज्या फोनवर शिकवायचं त्याच फोनवर मी असते. "बाबा, आता मागे जा" म्हटलं की बाबा खुर्ची मागे घेतात. एकदा म्हटलं "मला खाली घ्या", तर फोन जमिनीवर. अर्धा तास मी पंखा बघत होते.

पांढरा_रस्सा
पंखा 😂😂 आमच्या आईनं मला आठ महिने फक्त तिच्या कानाचं दर्शन दिलंय.

निवृत्त_मास्तर
सई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. हयातीचा दाखला १ ते ३० नोव्हेंबर ह्याच काळात द्यावा लागतो, नंतर पेन्शन थांबते. मी जि. प. शाळेतून निवृत्त आहे, दरवर्षी बँकेत जाऊन यादीवर सही करतो, पाच मिनिटांचे काम. उगाच मोबाईलच्या भानगडीत पडू नये. वडिलांना बँकेत घेऊन जा.

सई_पेठेतली
मास्तर, प्रश्न कथेच्या शेवटाचा होता हो :)

कारखान्यातला_भाऊ
मास्तर, तुमचं कोषागारातनं, तुमचा नोव्हेंबर बरोबर. खरं एसटीतला माणूस म्हणजे ईपीएस-९५ ची पेन्शन, पीएफवाली, आम्हा कारखान्यातल्यांची आहे तीच. तिला नोव्हेंबर असं काही नाही. ज्या तारखेला दिला तिथनं एक वर्ष चालतो. मी मार्चमध्ये देतो, गर्दी नाही काय नाही. आणि आमच्यात यादीवर सही नसते, जीवन प्रमाणच लागतंय. अंगठ्याचं म्हणाल तर चाळीस वर्षं बगॅसमध्ये काढल्यावर बोटाला रेषाच राहत नाहीत. चेहऱ्याची सोय आमच्यात २०२२ ला आली म्हणून आमच्यासारखे सुटले.

निवृत्त_मास्तर
असे आहे होय. मला वाटले सर्वांनाच नोव्हेंबर. दुरुस्ती मान्य. परंतु मग कथेत "नोव्हेंबरात वेळ आली" हे चूक की नाही?

कारखान्यातला_भाऊ
मागच्या वर्षी नोव्हेंबरात दिला असेल तर यंदा नोव्हेंबरातच संपणार की. कथा बरोबर आहे.

पेठी_वाचक
कथेवर इतकी तांत्रिक समीक्षा मी प्रथमच पाहतो आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना हा धागा पाठवा.

सई_पेठेतली
मंडळी, एक कबूल करतो. सुमी मीच. आप्पा माझेच. वही पण खरी आहे, फक्त ती ओळ मी वाढवलीय... म्हणजे वाढवली नाही, होती, खरं 'पोरगी' नव्हतं, 'सई' होतं. दाखला अजून झालेला नाही, मुदतीला नऊ दिवस राहिलेत. मोबाईलवाल्या दादांची पोस्ट वाचून मघाशी आप्पांना म्हटलं, "आप्पा, टिचकी मारा." आप्पा म्हणाले, "कुणाला?"

Touch & hold delay सापडलं, Long वर केलं. फरक लगेच पडला, हिरवं चिन्ह चार वेळा चारही वेळा बरोबर उघडलं. खरं एक राहिलंय. नंबर लावताना मधेच टच घेतच नाही. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलेलं मला दिसतंय, पटकन उचलतातपण, काहीच होत नाही. गार्ड काढून बघितला, तरी तेच. बोट ओलं करून बघितलं, तेच. मी केलं तर होतंय.

अर्धवट_शहाणा
मग फोनच खराब. वॉरंटीत असेल तर बदलून घ्या.

शाहूपुरी_मोबाईलवाला
थांबा, बदलायची घाई नको, तुम्ही केलं तर होतंय ना. एक करा. Settings मध्ये About phone ला जा, Build number वर सात वेळा टच करा, Developer options नावाचं पान उघडंल. त्यात Show taps चालू करा, बाकी कशाला हात लावू नका. आता जिथं जिथं काचेला स्पर्श होईल तिथं पांढरा ठिपका दिसंल. आप्पांच्या हातात फोन द्या, तुम्ही मागं उभं राहून नुसतं ठिपके बघा. बोलू नका.

आणि काम झालं की Developer options बंद करून टाका. ते चालू असलं की काही बँकांची अॅप उघडत नाहीत, मग परत तुम्ही म्हणणार आप्पांनी काहीतरी केलं.

सई_पेठेतली
दादा!!!! दोन ठिपके दिसतायत!

एक उजव्या बोटाचा, बरोबर आकड्यावर. आणि एक डाव्या कडेला, तो हलतच नाही. आप्पा फोन डाव्या हातात धरतात ना, तो अंगठा कडेवरनं काचेवर येतो. पूर्ण वेळ तिथंच. मी मागं उभं राहून बघितलं, त्यांनी फोन असा धरला होता जसं गळ्यातलं मशीन धरायचे, खालनं तळवा आणि वरनं अंगठा, घट्ट. घाटात गाडी हलायची तर मशीन तसंच धरायला लागायचं म्हणे.

फोन टेबलावर ठेवून करायला लावलं. पहिल्याच फटक्यात माझा नंबर लागला. मी स्वयंपाकघरातनं "हॅलो" म्हटलं आणि आप्पा सोप्यातनं म्हणाले, "कोण बोलतंय?"

पांढरा_रस्सा
"कोण बोलतंय" 😂 कोल्हापूरचा माणूस समोर उभा राहिला तरी फोनवर आधी विचारणारच.

शाहूपुरी_मोबाईलवाला
बरोब्बर. दोन बोटं एकदम लागली की फोनला वाटतं झूम करायचंय नाहीतर आणि काही, साधा टच धरत नाही तो. आता एक कव्हर घ्या, कड जरा उचललेलं, मागं गोल रिंगवालं. रिंगमध्ये बोट अडकवलं की अंगठ्याला वर यायची गरजच पडत नाही. जाड कडेचं फ्लिप कव्हर नको, त्याचं झाकण मागं दुमडताना परत अंगठा वर येतो.

मीनल_दोहा
बाबांना पण हेच होतंय का बघायला हवं, पण मी ठिपका बघणार कसा, मला फक्त पंखा दिसतो.

कारखान्यातला_भाऊ
@मीनल_दोहा शेजारचं कॉलेजचं पोरगं बोलवा, दहा मिनिटाचं काम. फक्त पिन, ओटीपी त्याच्यासमोर नको. आणि एक आठवलं, दाखल्याच्या नावाखाली फोन येतात, "पेन्शन बंद होणार, ही लिंक उघडा." माझ्या साडूला आलता. दाखल्यासाठी कुणीही फोन करत नाही, आपणच करायचं असतंय. अॅप पण प्ले स्टोअरवरनंच, कुणी पाठवलेलं नाही.

निवृत्त_मास्तर
सई, मी काल रात्री ह्या विषयाची चौकशी केली. आमच्या निवृत्त संघात एक जण हे चेहऱ्याचे करून देतात. त्यांच्याकडून लिहून घेतले ते देतो.

दोन अॅप लागतात. एक Jeevan Pramaan, दुसरे AadhaarFaceRD. दुसरे घेतल्यावर फोनवर त्याचे चिन्ह दिसत नाही, ते पाठीमागे काम करते, त्यामुळे आले नाही असे समजून पुन्हा पुन्हा घेत बसू नये. आधी करून देणाऱ्याची नोंद, म्हणजे तुझी, तुझा आधार आणि तुझा चेहरा. ते एकदाच. मग वडिलांचा आधार, मोबाईल, ओटीपी, पेन्शनचा प्रकार, पीपीओ क्रमांक, बँक खाते. शेवटी चेहरा.

आणि आता मुख्य. कथेत तू वडिलांना "डोळे उघडे ठेवा" सांगितलेस. ते गृहस्थ हसायलाच लागले. म्हणाले, अहो ते अॅप पापणी मिटायचीच वाट बघत असते! समोर माणूस आहे की माणसाचा फोटो, हे त्याला त्यावरूनच कळते. चेहऱ्याभोवतीची चौकट हिरवी झाली की सावकाश डोळे मिटायचे, उघडायचे. पापणी न लववणारा माणूस आणि भिंतीवरचा फोटो त्याच्या लेखी एकच.

खिडकीकडे तोंड करून बसवावे, पाठ करून नव्हे. चष्म्यावर चमक येत असेल तर काढावा.

पेठी_वाचक
मास्तर, तुम्ही नकळत कथेचा मध्यबिंदू सांगितलात. जिवंत असल्याचा दाखला मागणारे यंत्र, आणि पापणी लवू न देणारी मुलगी. सई, तुमचा शेवट वहीत नाही, इथे आहे. मुलीचा राग कुठून आला हे मी विचारत होतो, तो चुकीच्या सूचनेतून आला. ती स्वतः चुकीचे सांगत होती आणि त्याने ते इमानाने पाळले, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

सई_पेठेतली
मी चार वेळा वाचलं हे. पासपोर्टच्या फोटोला सांगतात ना डोळे उघडे ठेवा, तेच डोक्यात होतं माझ्या. वर स्क्रीनवर इंग्रजीत Blink असं काहीतरी येत होतं, मी वाचलंच नाही, मी आप्पांकडं बघत होतो ते हलतायत का म्हणून. आणि खिडकी त्यांच्या पाठीशी होती, तेपण खरं.

रविवारी परत करतो.

अर्धवट_शहाणा
ते FaceRD चालायला बऱ्यापैकी नवा फोन लागतो हं. आमच्या जुन्या फोनवर उघडलंच नाही. तुमचा नवाच आहे म्हणा.

पांढरा_रस्सा
रविवार म्हणजे आधी मटण. उपाशीपोटी चेहरा जुळत नाही.

सई_पेठेतली
झालं!

सविस्तर लिहितो. सकाळी आप्पांना सांगितलं नाही, म्हटलं परत दाढी, परत इस्त्रीचा शर्ट, परत तेच टेन्शन. जेवल्यावर (हो, मटण होतं) सोप्यात दाराकडं तोंड करून बसवलं, बनियनवरच. माझी नोंद मागच्या वेळी झालेली होती. आकडे आप्पांनीच टाकले, फोन टेबलावर, मी फक्त पीपीओ नंबर वाचून दाखवला. एकदा सात च्या जागी चार पडला तर म्हणाले "थांब, तिकीट कॅन्सल," आणि स्वतः खोडलं.

चेहऱ्याला पहिल्यांदा चौकट हिरवी झालीच नाही, चष्मा. काढला. दुसऱ्यांदा हिरवी झाली. मी म्हटलं "आप्पा, डोळे मिटा." त्यांनी मिटले. आणि उघडेचनात! मी म्हटलं उघडा, म्हणाले "तू कुठं म्हटलीस उघडा." गेलं. तिसऱ्यांदा मीच म्हटलं की मी काय बोलत नाही, तुम्ही तुमचं करा. झालं. एका मिनिटात प्रमाण आयडीचा मेसेज. आप्पांनी तो मोठ्यानं वाचला, सगळे आकडे.

@कारखान्यातला_भाऊ, मेसेज आला म्हणजे झालंच ना?

कारखान्यातला_भाऊ
अभिनंदन. खरं मेसेज म्हणजे तुमच्याकडनं गेलं. तिकडं घेतलं की नाही ते नंतर दिसतंय. पीपीओ नाहीतर खात्याचा आकडा चुकला असंल तर नाकारतात, चेहरा जुळला तरी. चार-पाच दिवसांनी जीवन प्रमाणच्या साइटवर तो आयडी टाकून बघा. माझा एकदा असा परत आलता, पेन्शन थांबली तेव्हा कळलं. आणि दरवर्षी आयडी नवा असतोय, जुना जपून काय उपयोग नाही.

आणि बेलचं सांगितलं नाही अजून. सिंगल का डबल?

सई_पेठेतली
भाऊ, तुमचा प्रश्न आप्पांनाच विचारला. कथा वाचून दाखवली त्यांना, शेवटची ओळ सोडून, मग ती पण दाखवली कारण आता लपवण्यात काय अर्थ. ऐकून म्हणाले, "बेल मारून थांबणे असं मी लिहिलंच नाही." वही आणून दाखवली. खरंच नाही. 'सई चिडते. सिंगल.' एवढंच आहे. मला सिंगल म्हणजे काय ते कळलं नव्हतं म्हणून कथेत मी उलगडून लिहिलं होतं.

सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. "एवढं माहीत नाही आणि कंडक्टरवर कथा लिहितीस," म्हणाले.

पेठी_वाचक
मग कथेतही तेवढेच ठेवा. 'सिंगल.' उलगडू नका.

पांढरा_रस्सा
दिवाळी अंकातल्या लोकांना कळणार नाही हो. त्यांना वाटंल पोरगी सिंगल आहे.

पेठी_वाचक
😄 हा धोका आहे खरा.

मीनल_दोहा
बाबांचं झालं!! शेजारच्या पोराने ठिपका बघितला, अंगठा नव्हता, तळहात लागत होता खालून. आज पहिल्यांदा बाबांचा चेहरा दिसला कॉलवर. दाढी वाढवलीय त्यांनी, मला कुणी सांगितलंच नाही.

सई_पेठेतली
शेवट बदललाय, बघा. नाव पण बदलायचं म्हणतोय, 'टेकवा' ऐवजी नुसतं 'सिंगल'? पटतंय का सांगा.

आप्पा रंकाळ्यावरनं परत आले तेव्हा दिवे लागले होते. सुमीनं फोन त्यांच्यापुढं ठेवला आणि स्वतः दारापाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. मागं बराच वेळ काही आवाज नाही. मग मेसेजची टिंग. मग पेनाचा आवाज, कागदावर दोन रेघा ओढल्यासारखा.

"काय लिहिलासा?" तिनं न वळता विचारलं.

"डबल," आप्पा म्हणाले.

कारखान्यातला_भाऊ
हां. आता गाडी सुटली.

निवृत्त_मास्तर
उत्तम. परंतु दारापाशी पाठ करून उभी राहिली तर दारातून येणारा उजेड अडणार नाही का? चौकट हिरवी होणार नाही.

सई_पेठेतली
मास्तर 🙏 तिला खिडकीपाशी नेतो.